‘स्थिर अवस्था’ म्हणजे थांबलेली अवस्था नव्हे

*“मुलीच्या डिप्लोमाच्या वहीत प्रश्न आहे: ‘दिष्ट धारेच्या स्थिर अवस्थेत प्रत्येक धारित्रात व प्रवर्तकात साठलेली ऊर्जा काढा.’ स्थिर म्हणजे थांबलेलं ना? सगळं थांबलं तर ऊर्जा कुठून आली? इथे ‘स्थायी’ म्हणायला हवं का? आणि ऊर्जा साठलेली, साठवलेली की साचलेली?”*

पावसाळ्यात बातम्यांमध्ये आपण ऐकतो, ‘पंचगंगेची पातळी स्थिर’. ते ऐकून नदी वाहायची थांबली असं कोल्हापुरात कुणालाही वाटत नाही. पाणी धो धो वाहतच असतं, फक्त पातळी चढतही नाही आणि उतरतही नाही. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर आहे’ यातही हृदय चालूच असतं. तुमच्या प्रश्नातला ‘स्थिर’ हा असा आहे. स्थिर म्हणजे न बदलणारं. थांबलेलं असेलच असं नाही.

घोटाळा होतो तो शाळेतल्या दुसऱ्या एका ‘स्थिर’मुळे. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, त्याला आपण ‘स्थिर विद्युत’ म्हणायला शिकलो. तिथे प्रभार खरोखरच जागच्या जागी असतो. म्हणजे एकच विशेषण आपण दोन कामांना जुंपलं: एकदा न हलणाऱ्यासाठी, एकदा न बदलणाऱ्यासाठी. त्या पहिल्या ‘स्थिर’साठी ‘स्थितिक’ हा शब्दही आहे आणि मला तो जास्त सोयीचा वाटतो. तो वापरला की दुसरा ‘स्थिर’ मोकळा राहतो.

मी काही वर्षं हा विषय शिकवला आहे. एका चाचणीत एका हुशार मुलाने प्रत्येक प्रवर्तकापुढे, म्हणजे कॉइलपुढे, शून्य ज्यूल लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, “सर, स्थिर अवस्था आहे, धारा शून्यच की.” त्याचं गणित कच्चं नव्हतं. त्याने शब्द जसा वाचला तसं उत्तर दिलं होतं. तेव्हापासून मी वर्गात ‘स्थिरावलेली अवस्था’ म्हणू लागलो. ‘स्थिरावणे’ हे चालतं-बोलतं क्रियापद आहे. आधी काहीतरी हलत होतं, चढत-उतरत होतं आणि मग एका ठिकाणी आलं, हे त्यात आपोआप येतं. विजेच्या मंडलातही तेच घडतं. बटण दाबल्यावर थोडा वेळ सगळं बदलत असतं आणि मग स्थिरावतं.

‘स्थायी’ मात्र मी टाळेन. स्थायी म्हणजे कायमचं, जशी महापालिकेची स्थायी समिती. ही अवस्था बटण बंद करेपर्यंतच टिकते.

‘दिष्ट’ हा शब्दही नीट वाचायला हवा. दिष्ट धारा म्हणजे डीसी करंट. तो फक्त दिशा सांगतो, की धारा एकाच दिशेने जाते. किती जाते आणि ती कमी-जास्त होते का, हे तो सांगत नाही. चार्जरच्या आत डायोडमधून बाहेर पडणारी धारा दिष्ट असते, पण ठेचकाळत येते. म्हणून प्रश्नात ‘दिष्ट’ आणि ‘स्थिर’ हे दोन्ही शब्द लागतात, एकाने भागत नाही.

आता ‘न बदलणारं’ हा अर्थ धरून पुढे जाऊ. धारित्रातून (पंख्याच्या दुकानात ज्याला कंडेन्सर म्हणतात) धारा जाते ती त्याच्यावरचं विभवांतर बदलत असेल तरच. विभवांतर बदलायचं थांबलं की त्यातली धारा शून्य होते, जणू तिथे तार तुटली आहे. प्रवर्तकाचं बरोबर उलटं आहे. त्याच्यावर विभवांतर उभं राहतं ते धारा बदलत असेल तरच. धारा बदलायची थांबली की ते विभवांतर शून्य होतं, पण धारा वाहतच राहते, जणू तिथे साधी तार आहे. एकाच शब्दातून दोन्ही नियम निघतात. ‘थांबलेलं’ असा अर्थ घेतला तर धारित्राचा नियम मिळतो आणि प्रवर्तकाचा हातचा जातो. त्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं.

एक मंडल घेऊन बघू. 24 व्होल्टची बॅटरी आहे. तिच्या धन टोकाकडून 4 ओहमचा रोध ‘अ’ या बिंदूपर्यंत जातो. ‘अ’पासून ‘ब’पर्यंत 0.5 हेन्रीची कॉइल आहे, आणि तिच्या तारेचा स्वतःचा रोध 2 ओहम आहे. ‘ब’पासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत 6 ओहमचा रोध आहे आणि त्याला समांतर 100 मायक्रोफॅरडचं धारित्र. शिवाय ‘अ’पासून ऋण टोकापर्यंत आणखी एक फाटा आहे: 6 ओहमचा रोध आणि त्याच्यामागे एकसरीत 200 मायक्रोफॅरडचं धारित्र.

बटण दाबून सेकंदभर थांबू. हे मंडल साधारण 0.2 सेकंदात स्थिरावतं, त्यामुळे सेकंद पुष्कळ झाला. आता दोन्ही धारित्रं कागदावर पुसून टाका आणि कॉइलच्या जागी तिचा 2 ओहमचा रोध तेवढा ठेवा. उरतो एकच रस्ता: 4, 2 आणि 6 ओहम, एकूण 12. म्हणजे धारा 2 अँपिअर. ‘अ’पाशी 24 मधून 8 गेले, 16 व्होल्ट राहिले. ‘ब’पाशी आणखी 4 गेले, 12 व्होल्ट राहिले.

इथवर आलं की ऊर्जा काढणं म्हणजे नुसती आकडेमोड. धारित्रासाठी `½CV²` आणि प्रवर्तकासाठी `½LI²`. 100 मायक्रोफॅरडच्या धारित्रावर 12 व्होल्ट आहेत, म्हणून त्यात 7.2 मिलिज्यूल. कॉइलमधून 2 अँपिअर जातात, म्हणून तिच्यात पूर्ण 1 ज्यूल. कॉइलच्या दोन टोकांमध्ये 4 व्होल्ट दिसतात, पण ते तारेच्या रोधाचे आहेत. साठलेल्या ऊर्जेशी त्यांचा संबंध नाही. मीटर लावून ते मोजणारा ‘प्रवर्तकावर शून्य असायला हवं होतं’ म्हणून गोंधळतो. शून्य असतं ते आदर्श प्रवर्तकावर, आणि तसा बाजारात मिळत नाही.

200 मायक्रोफॅरडच्या धारित्रापाशी मुलं दोन चुका करतात. काहीजण त्याच्यावर थेट बॅटरीचे 24 व्होल्ट धरतात आणि 57.6 मिलिज्यूल काढतात. काहीजणांना वाटतं की ‘अ’चे 16 व्होल्ट 6 ओहमच्या रोधात आणि धारित्रात वाटले जातील. पण त्या फाट्यात धारा नाही, आणि धारा नाही तिथे रोधावर काहीच पडत नाही. पूर्ण 16 व्होल्ट धारित्रावरच येतात आणि उत्तर 25.6 मिलिज्यूल. आपण उत्तराची उलट तपासणीही करू शकतो. धारित्राच्या एकसरीत असलेल्या रोधाची किंमत बदलून पाहा: 6 ऐवजी 600 ओहम केला तरी स्थिरावल्यानंतरची ऊर्जा तीच यायला हवी. स्थिरावायला लागणारा वेळ तेवढा वाढेल.

आता ‘साठलेली’कडे येऊ. मराठीत पाणी साचतं ते रस्त्यावर, नको तिथे, वाट न मिळाल्यामुळे. साठतं ते टाकीत. आणि साठवतं ते माणूस, पुढच्या गरजेसाठी. वरच्या मंडलातली ऊर्जा कुणी हेतूने ठेवलेली नाही. विभवांतर आणि धारा जिथे स्थिरावल्या त्यामुळे ती तिथे आहे. म्हणून ‘साठलेली’ हेच बरोबर. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधल्या धारित्रासाठी ‘साठवलेली’ म्हटलं तर तेही चोख आहे, कारण तिथे ती मुद्दाम ठेवलेली असते.

‘साठलेली’ या शब्दात आणखी एक गोष्ट दडली आहे: भर पडायची थांबली. बॅटरी या मंडलाला दर सेकंदाला 48 ज्यूल देत राहते. तिन्ही रोध मिळून तेवढीच ऊर्जा उष्णतेत घालवतात: 16, 8 आणि 24. साठा मात्र 1.0328 ज्यूलवर जसाच्या तसा. नदीची पातळी आणि नदीचा प्रवाह यांत जो फरक, तोच इथे. उत्तरात 48 चा आकडा आला तर समजावं की साठा मोजायच्या ऐवजी वाहतं पाणी मोजलं.

एका बाबतीत मात्र ‘साठलेली’ हा शब्द दोघांना सारखा बसत नाही. धारित्र मंडलातून काढून बाजूला ठेवलं तरी त्यातला साठा काही काळ राहतो. म्हणूनच जुन्या टीव्हीचं झाकण उघडताना कारागीर आधी कंडेन्सर डिस्चार्ज करतो. कॉइलचा साठा धारा वाहते आहे तोवरच असतो. तो काढून टेबलावर ठेवता येत नाही. धारा तोडू पाहिली तर ती ऊर्जा त्याच क्षणी दुसरी वाट शोधते. साध्या मंडलात ती बटणाच्या पट्ट्यांमध्ये ठिणगी होऊन दिसते.

आपल्या मंडलात बॅटरीकडचं बटण उघडलं तर ठिणगी पडत नाही, कारण धारेला ‘अ’कडचा फाटा मोकळा आहे. पण तिथे जे होतं ते जास्त वाईट. कॉइलमधला 1 ज्यूल त्या 200 मायक्रोफॅरडच्या धारित्रातून धारा ओढतच राहतो. त्यातले 25.6 मिलिज्यूल झटकन संपतात आणि मग ते उलट दिशेने भरू लागतं. रोधातली झीज धरूनही सुमारे 16 मिलिसेकंदांत त्याच्यावर उलटे 75 व्होल्टच्या वर चढतात. स्थिरावलेल्या अवस्थेतले 16 व्होल्ट पाहून कुणी तिथे 25 व्होल्टचं इलेक्ट्रोलायटिक धारित्र लावलं असेल, तर ते उलट विभवांतराने फुगू किंवा फुटू शकतं. कॉइलला समांतर, त्याच्यावरची पट्टी ‘अ’कडे येईल असा एक डायोड टाकला की कॉइलची धारा त्याच्यातून फिरते आणि साठा कॉइलच्या तारेत आणि डायोडमध्ये उष्णता होऊन संपतो.

मुलीला सांगा, वरच्या तीन उत्तरांपैकी 1 ज्यूलपुढे छोटी खूण करून ठेव: हा साठा 2 अँपिअर चालू असेपर्यंतचा.