आपोआप जाणाऱ्या पोस्टबद्दल ग्राहकाला पत्र

प्रश्न: इंदूरच्या राजवाड्याजवळच्या साडीच्या दुकानाच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट आता आपोआप जाणार. मालकांना पत्रात काय लिहू?

आधी वेळा, मग माणसाच्या हातात काय राहणार ते. मालकांना धास्ती यातल्या दुसऱ्या गोष्टीचीच असते.

"सप्रेम नमस्कार. सोमवार, बुधवार, शुक्रवारी सकाळी 11 वाजता पोस्ट आपोआप जाईल. आठवड्याच्या पोस्ट शनिवारी दाखवू. तुमच्या होकाराशिवाय एकही लावणार नाही. भाव, सवलत आणि दुकानाची वेळ आमचा माणूस त्या सकाळी 10 वाजता पुन्हा तपासेल. तक्रारींना उत्तरही माणूसच देईल."

थांबवण्याची सोय वेगळ्या परिच्छेदात लिहा. माझ्या हातून चूक झाली ती इथेच. रंगपंचमीला गेरच्या मिरवणुकीमुळे एका ग्राहकाचं दुकान बंद होतं आणि "आज या, नवा माल आलाय" ही पोस्ट ठरल्या वेळी गेली. होकार दहा दिवस आधीचा होता, तेव्हा कुणी तिथी पाहिलीच नव्हती. म्हणून हे जोडा: "दुकान बंद असेल किंवा शहरात काही दुःखद घडलं, तर फोन करा. पुढच्या सगळ्या पोस्ट थांबवू, तुम्ही सांगाल तेव्हाच सुरू करू." फोन कोण उचलणार, त्याचं नाव आणि नंबर तिथेच द्या.