वर्ष भरत आलं की साहेबानं काय विचारावं?

"आमच्या टॉवेलच्या कारखान्यात एक जॉबर आहेत, लूमची देखभाल-दुरुस्ती बघणारे, पन्नाशीला आलेले. मागच्या वर्षी कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांची बायको गेली. तेराव्यापर्यंत आम्ही सगळे जाऊन आलो, पण त्यानंतर मी विषयच काढला नाही. आता ५ नोव्हेंबरला वर्ष होतंय. त्या दिवशी काही बोलू की गप्प बसू? बोललो तर माणूस कोलमडायचा, आणि नाही बोललो तर म्हणतील, साहेबाला फक्त प्रॉडक्शन दिसतं."

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे मॅनेजर २०२३ च्या गणपतीनंतर हा प्रश्न घेऊन माझ्याकडं समुपदेशनाला आले होते. दोघांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. जॉबरना आपण आण्णा म्हणू, कारखान्यातही त्यांना सगळे तसंच म्हणतात.

मी आधी विचारलं, "५ नोव्हेंबर हे तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेब म्हणाले, कुणी नाही, वहिनी गेल्या तेव्हा मी फोनमध्ये तारीख टाकून ठेवली होती. माणूस चांगला, म्हणून एवढं तरी केलं. पण आण्णांच्या घरात वर्षश्राद्ध तिथीनं होणार, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. एरवी तिथी पुढच्या वर्षी साधारण अकरा दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना पडला की उलट होतं, ती एकोणीसेक दिवस पुढे जाते. २०२३ ला अधिक श्रावण होता. त्यामुळे २०२२ ला ४ नोव्हेंबरला झालेली कार्तिकी एकादशी २०२३ ला थेट २३ नोव्हेंबरला होती. म्हणजे तारखेनं वर्ष ५ ला, तिथीनं २४ ला, आणि दोन्हींच्या मधोमध दिवाळी. १२ ला लक्ष्मीपूजन, १४ ला पाडवा.

आता पाडव्याला घराघरांत बायको नवऱ्याला ओवाळते. ज्यांची बायको गेली त्यांच्यासाठी हा दिवस वर्षश्राद्धापेक्षा जड जाऊ शकतो, आणि तो कुणाच्या फोनमध्ये लावलेला नसतो. साहेब एका दिवसाची तयारी करत होते. प्रत्यक्षात तीन आठवड्यांचा पट्टा होता.

तयारी काय होती तेही सांगते. सकाळच्या पाळीला सगळ्यांना थांबवून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, आणि कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वहिनींचा फोटो टाकून श्रद्धांजली. मी दोन्हीला नको म्हटलं. ग्रुपवर फोटो पडला की पन्नास जणांचे हात जोडलेले येतात, आणि ज्याचं माणूस गेलं त्यालाच दिवसभर उत्तरं देत बसावं लागतं. स्तब्ध उभं राहिलं की सगळ्या नजरा त्या एकाच चेहऱ्यावर. काही जणांना असं जाहीर स्मरण आवडतंही, नाही असं नाही. पण ते त्यांनी मागितलेलं असावं. आण्णा कसे आहेत विचारलं तर साहेब म्हणाले, "दहा शब्दांच्या वर बोलत नाहीत." मग तर प्रश्नच मिटला.

कोलमडण्याची भीती मला बहुतेक सगळ्या साहेब लोकांकडून ऐकायला मिळते. वर्ष जवळ आलंय हे त्या माणसाला तुमच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. हवा बदलते, आकाशकंदील लागतात, मागच्या वर्षी याच दिवसांत दवाखान्याच्या फेऱ्या चालल्या होत्या हे आपोआप आठवतं. पुष्कळांना प्रत्यक्ष दिवसापेक्षा आधीचे दोन-तीन आठवडे जास्त जड जातात. झोप तुटते, चिडचिड होते, कामात चुका होतात, आणि आपल्याला असं का होतंय हे त्यांचं त्यांनाही लगेच उमगत नाही. म्हणून विचारायचं ते आधी, साधारण महिनाभर. त्या दिवशी विचारलं तर रजेची, पाळीची काहीच सोय करता येत नाही, नुसती सहानुभूती हातात राहते.

कुठं विचारायचं यावर आमचं बरंच बोलणं झालं. लूम चालू असलेल्या शेडमध्ये ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. केबिनला काच, आणि शिपाई पाठवून बोलावलं की अख्ख्या पाळीला वाटतं, आण्णांचं काहीतरी चुकलं. शेवटी ठरलं, दुपारी जेवणानंतर आण्णा गेटबाहेर चहाला जातात तेव्हा साहेबांनी सोबत जायचं. समोरासमोर बसायचं नाही, बरोबर चालता चालता बोलायचं. कमी बोलणाऱ्या पुरुषांना नजरेला नजर नसली की सोपं जातं.

काय बोलायचं ते आम्ही कागदावर लिहिलं, कारण साहेब ऐनवेळी "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" म्हणून मोकळे होतील अशी मला शंका होती. लिहिलं ते असं: "आण्णा, वहिनींना आता वर्ष होईल. घरी तारखेनं करताय की तिथीनं? मध्ये दिवाळी पण आहे. या दिवसांत पाळी कशी लावू, रजा कधी हवी, ते तुम्ही सांगा. आज नाही सांगितलं तरी चालेल, शनिवारी परत विचारतो." 'कसे आहात?' हा प्रश्न मुद्दाम ठेवला नाही. त्याचं उत्तर 'बरं आहे साहेब' एवढंच येतं आणि बोलणं तिथंच संपतं. पाळीचा प्रश्न आण्णांच्या ओळखीचा होता, त्याला उत्तर देता येत होतं. 'वहिनी' हा शब्द मात्र ठेवलाच. गेलेल्या माणसाचं नाव-नातं कुणी घेतच नाही, हे दुःखातल्या लोकांना फार लागतं.

आण्णा त्या दिवशी "बघतो" एवढंच म्हणाले. साहेबांचा मला संध्याकाळी फोन, फुकट गेलं म्हणून. मी म्हटलं, शनिवारी परत विचारा, तुम्ही तसं कबूल केलंय. शनिवारी आण्णांनी स्वतःहून विषय काढला. "तारखेचं काय नाही साहेब. तिथीला गावाकडं करायचंय, दोन दिवस लागतील. पण पाडव्याला घरी बसवू नका मला."

दिवाळीत कारखाना बंद. साहेबांच्या मनात आण्णांना उलट दोन दिवस जास्त सुट्टी द्यायचं होतं. आपल्याला जी दया वाटते तीच समोरच्याला हवी असेल असं धरून चालणं इथं नडतं. बंदच्या दिवसांत लूमची साफसफाई, तेलपाणी, घासलेले भाग बदलणं ही कामं निघतातच. साहेबांनी पाडव्याला त्यासाठी आण्णांना बोलावलं, पण एकट्याला नाही. दुसरा एक जॉबर स्वखुशीनं आला. दोघांना सुट्टीतल्या कामाचा मोबदला रीतसर लावला, उपकार म्हणून नाही. दुपारी आण्णांची मुलगी डबा घेऊन आली आणि तिनं बापाला मशीनपाशीच ओवाळलं. हे मला साहेबांनी नंतर सांगितलं, आण्णांनी नाही.

५ तारखेला साहेबांनी फक्त एक निरोप पाठवला: "आण्णा, आज वहिनींची आठवण आहे. उत्तर नाही दिलं तरी चालेल." उत्तर आलं नाही. ते यायलाच हवं असं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी 'निरोप मिळाला का?' असं विचारायचंही नव्हतं.

२४ च्या रजेचं कारण मस्टरवर काय लिहायचं आणि पाळीतल्या लोकांना काय सांगायचं, हेही साहेबांनी आण्णांनाच विचारलं. "गावाकडं काम आहे म्हणा" असं उत्तर आलं, तर तेवढंच सांगितलं.

इथं एक बाजूचं बोलते, कारण सोलापुरात ते लागतंच. एका पाळीत मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी घरं असतात. लिंगायत घरांत दफनाची रीत, तिथं वर्षाचा विधी वेगळा, कुठं तो फारसा होतही नाही. मुसलमान घरात चाळिसावा महत्त्वाचा असतो. विधवा बाईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायचं का, यावर ऑफिसात कुजबुज चालते. तिला आधी एकटीला विचारा आणि ती म्हणेल तसं करा. स्वतःच्या घरच्या रीतीवरून दुसऱ्याचा जड दिवस ओळखता येत नाही. कुणाला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा जड जाते, कारण दरवर्षी नंदीध्वज बघायला दोघं मिळून जायची. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

साहेबांना वाटलं, वर्ष झालं, सुटलो. मी त्यांना डिसेंबरच्या मध्यावर एक खूण करून ठेवायला लावली होती. पाहुणे परत जातात, विधी संपतात, आणि 'आता वर्ष झालं, सावरायला हवं' असं चहूबाजूंनी सुरू होतं, तेव्हा माणूस पुन्हा खाली जाऊ शकतो. तसंच झालं. आण्णा एकाच आठवड्यात दोनदा लूम नीट बंद न करता आत हात घालायला गेले. जोडीदारानं ओरडून थांबवलं म्हणून निभावलं. अशा वेळी मात्र थांबायचं नाही. साहेबांनी त्याच दिवशी बाजूला घेऊन डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगितलं: "मंगळवारी आणि आज, दोनदा मशीन चालू असताना हात गेला. झोप होतेय का?" आण्णा म्हणाले, दोन-अडीचला जाग येते, मग पहाटेपर्यंत नाही. थोडी दारू सुरू झाली होती तीही सांगितली. आठवडाभर त्यांना चालत्या मशीनवरून काढून सुट्या भागांच्या दुरुस्तीला बसवलं, पगार तोच ठेवून आणि परत कधी घेणार ते आधीच सांगून.

साहेबांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो विचारायला ते घाबरत होते: "आण्णा, आपणही संपून जावं असं मनात येतं का?" असं विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. असलेच तर बोलायला वाट मिळते. आण्णा म्हणाले, पोरगी आहे साहेब, तसलं नाही. 'येतं' म्हणाले असते तर त्या रात्री त्यांना एकटं सोडायचं नव्हतं, घरच्यांना कळवून मानसोपचार तज्ज्ञाकडं न्यायचं होतं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो साहेबांनी आधीच चिठ्ठीवर लिहून आण्णांच्या हातात दिला होता. झोपेसाठी आण्णा डॉक्टरकडं गेले, आणि पुढे काही वेळा माझ्याकडंही आले. आमच्यात काय बोलणं झालं हे साहेबांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलंही नसतं.

वर्षानंतरही दुःख असणं हा आजार नाही. पण बारा महिने उलटूनही रोज तीव्र ओढ लागते, माणूस गेलंय हे मनाला पटतच नाही, काम आणि घर दोन्ही अडकून पडतं, तर त्यावर वेगळा उपचार आहे आणि तो तज्ज्ञांकडंच होतो. साहेबाचं काम तिथवर जात नाही. काय बदललंय ते बघणं, ते तोंडावर सांगणं आणि पाळी सांभाळणं एवढंच त्याच्या हातात असतं.

पुढच्या वर्षी साहेबांनी ऑक्टोबरमध्येच विचारलं, "आण्णा, यंदा पाडव्याला मशीन काढायची का?" आण्णा म्हणाले, यंदा जावई येणार आहे, नको.