मठारलेली कळशी आतून बघा

प्रश्न: नाशिकमध्ये कारागिराने हाताने घडवलेली तांब्याची कळशी कुठे मिळेल? सगळेच हॅन्डमेड म्हणतात, मशीनची कशी ओळखायची?

जुन्या नाशकातल्या भांडी बाजारात फिरा, पण खरेदीची घाई करू नका, तिथून तांबट लेनकडे चालत जा आणि जिथे हातोड्याचे ठोके ऐकू येतील तिथे विचारा.

माझं सांगते. मी ऑनलाइन एक 'हॅन्डमेड हॅमर्ड' कळशी मागवली होती, बाहेरून खूप छान दिसायची. एका तांबटकाकांना दाखवली तर त्यांनी बाहेर बघितलंच नाही, मोबाईलचा टॉर्च आत मारला आणि म्हणाले, "ताई, बाहेरचा प्रत्येक खड्डा आत फुगवटा होऊन आलाय बघा." हाताने मठारताना भांडं खरवईवर (म्हणजे लोखंडी ऐरणीवर) चढवलेलं असतं आणि वरून हातोडा बसतो, त्यामुळे बाहेर चपटे चकचकीत ठसे पडतात पण आतून खालच्या लोखंडाचा आधार असल्याने पत्रा बराचसा सपाट राहतो. माझ्या कळशीचे खड्डे डायने दाबलेले होते, एकसारखे, आणि बोटाने मोजलं तर तेच डिझाईन परत परत येत होतं. हातच्या मठारात ओळी असतात खऱ्या पण प्रत्येक ठसा थोडा मागेपुढे, लहानमोठा असतोच.

दुसरी खूण सांध्याची. पत्र्याचे तुकडे जोडून घडवलेल्या कळशीला डाग दिलेला असतो, टाकणखार लावून पितळेच्या जातीच्या धातूने, म्हणून लाल तांब्यावर पिवळसर रेघ दिसते. आपण ती बघून "जोडलेलं आहे" म्हणून नाक मुरडतो आणि बिनसांध्याची उचलतो, जी बहुतेक वेळा मशीनवर फिरवून काढलेली असते! तशा भांड्यावर बहुधा बारीक गोल रेघा सापडतात. अर्थात छोटी वाटी एकाच चकतीतून ठोकूनही निघते, तिथे सांधा नाही म्हणून नकली म्हणू नका.

आणि एक, मधला प्रकारही खूप चालतो, भांडं मशीनवर फिरवलेलं आणि मठार तेवढा हाताचा. ती फसवणूक नाही, पण भाव करताना सरळ विचारा, "घडण हातची की फक्त मठार हातचा?" वजनाचे किती आणि मजुरी किती हेही वेगळं सांगायला लावा. मॅग्नेट मात्र एवढंच सांगतो की आत लोखंड नाही, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असेल तर त्यालाही तो चिकटत नाही, तिथे कळशी हातात घेतली की हलकी लागते.

घरी आणली की काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या पेपरवर ठेवा. डाग कच्चा असेल तर सकाळी पेपर ओला दिसेल, तशीच परत घेऊन जा, तांबट परत डाग मारून देतो.