‘केवळ पीक नव्हे, तर…’ : हा नकार कुणाला?

प्रश्न : आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या वार्षिक अहवालाचं प्रास्ताविक पुतण्याने एआयकडून लिहून घेतलं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही, पण सगळी वाक्यं एकाच चालीची वाटतात. ‘केवळ अमुक नव्हे, तर तमुक’ हे मुळात मराठी आहे का? आणि जिथे तिथे तीन-तीनच गोष्टी का? उतारा देतोय. (दिंडोरी तालुका, जि. नाशिक)

> द्राक्ष हे केवळ एक पीक नव्हे, तर दिंडोरीच्या मातीची ओळख आहे. येथील शेतकरी कष्ट, जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर बाग फुलवतो. छाटणी ही फक्त फांद्या कापण्याची क्रिया नसून, ती नव्या आशेची सुरुवात असते. एकीकडे निसर्गाची अनिश्चितता, तर दुसरीकडे बाजाराची अस्थिरता. तरीही त्याचा विश्वास, उमेद आणि स्वप्नं अढळ राहतात.

उत्तर : मराठी आहे, आणि चांगलं जुनं आहे. संस्कृतात ‘न केवलं… अपि तु…’ ही रचना सर्रास येते. ‘केवळ… नव्हे, तर…’ तिच्याच वळणाची, त्यामुळे तिला इंग्रजीची उसनवार म्हणून हाकलून देता येणार नाही. बोलताना मात्र आपण हे काम बहुतेक वेळा ‘च’ आणि ‘ही’ या दोन अक्षरांवर भागवतो. ‘द्राक्षंच नाहीत, टोमॅटोही आहे त्याच्याकडे.’ किंवा ‘नुसता’ वापरतो, ‘शिवाय’ वापरतो, ‘वर’ वापरतो : ‘बाग सांभाळली, वर धाकट्याचं शिक्षण केलं.’ एवढी साधनं हाताशी असताना पाच वाक्यांत ‘नव्हे, तर’ आणि ‘नसून’ दोन्ही आले, की कानाला खटकतं.

पण तुमच्या उताऱ्यातली खरी अडचण वारंवारितेच्या अलीकडची आहे, आणि ती ‘नव्हे’ या शब्दातच दिसते. ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांत फरक आहे. ‘तिथे दोरी नाही’ म्हणजे दोरी तिथे अस्तित्वात नाही. ‘ही दोरी नव्हे’ म्हणजे तुम्ही हिला दोरी समजलात, ती तुमची समजूत मी खोडतोय. ‘नव्हे’ म्हणायला समोर कुणाची तरी समजूत लागते, उच्चारलेली किंवा निदान मनात असलेली. म्हणून हे वाक्य तपासताना मी एकच विचारतो : हा नकार कुणाला?

पहिल्या वाक्याला हे विचारून बघा. द्राक्ष हे केवळ एक पीक आहे, असं दिंडोरी तालुक्यात कोण म्हणालं? तुमच्या सभासदांपैकी कुणी नाही. आणि पीक म्हणणं कमीपणाचं तरी का वाटावं? तुमची सोसायटी पीककर्ज देते, अहवाल त्या कर्जाचा आहे. ज्याच्यावर संस्था उभी आहे त्यालाच ‘केवळ’ म्हणून खाली बसवायचं आणि त्याच्या जागी ‘मातीची ओळख’ आणायची, याने वाक्य वजनदार झाल्यासारखं वाटतं, पण हातात होतं तेही निसटतं.

तिसऱ्या वाक्यात हेच आणखी उघड झालंय. ‘फक्त फांद्या कापण्याची क्रिया नसून नव्या आशेची सुरुवात.’ कोणती छाटणी? आपल्याकडे बागेला वर्षात दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी, तिच्यातून नवी काडी तयार होते आणि पुढच्या घडाची तयारी त्या काडीच्या डोळ्यांत होते. ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, तिच्यातून माल येतो. लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर ‘आशा’ लिहायची वेळच आली नसती. कारण इथे खरीखुरी तुलना आयतीच आहे : एक छाटणी काडीसाठी, दुसरी फळासाठी. अशा जागी दोन पारड्यांचं वाक्य मला मनापासून आवडतं, कारण विषयच मुळात दोन भागांत आहे. उलट ‘एकीकडे निसर्गाची अनिश्चितता, तर दुसरीकडे बाजाराची अस्थिरता’ यात पारडी दोन आहेत, पण दोन्हींत एकच माल आहे. अनिश्चितता आणि अस्थिरता यांची अदलाबदल करून वाचा. काही बिघडत नाही.

आता तीनचं. तीनाचा मराठीशी दावा नाही. ‘काया-वाचा-मने’, ‘अन्न, वस्त्र, निवारा’ हे आपलेच. पण त्यातली एकेक वस्तू काढून बघा, काहीतरी उघडं पडतं : निवारा काढला तर माणूस रस्त्यावर येतो. ‘कष्ट, जिद्द आणि चिकाटी’मधून चिकाटी काढली तर? जिद्दीने ती जागा आधीच भरलेली आहे. ‘विश्वास, उमेद आणि स्वप्नं’ यांतलं कोणतंही एक ठेवा, वाक्य तेच सांगेल. याच्या शेजारी बागेतली एक यादी ठेवतो : छाटणी, पेस्ट, विरळणी. याही तीनच, पण तीन वेगळी कामं, वेगळ्या दिवसांची. क्रम बदलला तर शेतकरी हसेल. डोळे फुटण्यासाठीची पेस्ट छाटणीनंतर काडीला लागते, विरळणी घड आल्यावर. यादीतल्या गोष्टींची जागा बदलून चालते का, हे बघितलं की भरीची यादी लगेच ओळखू येते.

इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. मराठीची आवडती जोडी दोनाची आहे. चहापाणी, मीठभाकर, केरकचरा, शेतीभाती, पैपाहुणे. शाळेत आपण याला समाहार द्वंद्व म्हणून शिकलो : चहापाणी म्हटलं की चहा आणि पाणी आलंच, त्यासोबत बिस्कीट, पोहे, दोन घटका बसणंही आलं. दोन शब्दांत मोकळी यादी मावते आणि जे सांगितलं नाही तेही ऐकणाऱ्याला कळतं. शेतीभाती, केरकचरा यांत तर दुसरा शब्द पहिल्याला साथच देतो, तरी तो भरीचा वाटत नाही, कारण दोन्ही मिळून एकच शब्द झालेला असतो. यंत्राने लिहिलेल्या मराठीत ही जोडी क्वचितच भेटते. तिथे ‘चहा, नाश्ता आणि अल्पोपाहार’ येतं. नाश्ता आणि अल्पोपाहार यांत काय फरक, हे विचारायला समोर कुणी नसतं.

हे का होतं? भाषेचं मॉडेल मागचा मजकूर बघून पुढचा शब्द निवडत जातं. ‘केवळ एक पीक’ एवढं लिहून झालं, की पुढचं ‘नव्हे, तर’ जवळपास ठरलेलंच, आणि त्यानंतर एखादं मोठं नाम : ओळख, वारसा, श्वास. हे भरायला द्राक्षाची काहीही माहिती लागत नाही. ‘खरड छाटणी’ लिहायला लागते. म्हणजे माहिती पातळ असते तिथे हे साचे पुढे येतात. शिवाय अशा मॉडेलांना घडवताना माणसं दोन उत्तरांतलं बरं वाटणारं निवडतात, आणि ठेक्यातलं वाक्य पहिल्या वाचनात बरं वाटतंच. एकदा साचा उताऱ्यात आला, की तो स्वतःच ‘मागचा मजकूर’ होतो आणि पुढच्या ओळींना आपल्यामागे ओढतो. तुमच्या पाच वाक्यांत तीन विरोध आणि दोन त्रिकं जमली ती अशी. त्यात मॉडेलांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजी प्रचंड आणि मराठी थोडी, म्हणून इंग्रजी निबंधाची चाल मराठी शब्दांत उतरते. आपल्याकडची सूत्रसंचालनाची भाषाही त्या चालीला पोषकच आहे.

यावरून एक सावधगिरी. ‘केवळ… नव्हे’ दिसलं म्हणून मजकूर यंत्राचा, असं ठरवू नका. नाशिकमध्ये मी स्मरणिकांची मुद्रितं वर्षानुवर्षं तपासली, तेव्हा संगणकावर फक्त अक्षरजुळणी व्हायची, तरी ‘ही केवळ इमारत नसून ज्ञानमंदिर आहे’ हे वाक्य दर हंगामात ठरलेलं असायचं. साचा माणसाने पाडला आहे. यंत्रात फरक एवढाच की तो परिच्छेदागणिक येतो, आणि ‘दिंडोरी’च्या जागी ‘तासगाव’ घातलं तरी मजकूर जसाच्या तसा चालतो.

तुमच्या अहवालात ही रचना नको, असंही माझं म्हणणं नाही. खरा नकार असेल तिथे ती जोरात बसते. समजा वसुली कमी झाली आणि सभेत सगळे म्हणतायत, बाजार पडला. मग लिहा : ‘वसुली नुसत्या भावामुळे थांबलेली नाही, गोडी छाटणीनंतरच्या पावसात घड जिरले, तिथेच निम्मं उत्पन्न गेलं होतं.’ इथे खोडायला एक समजूत आहे, आणि खोडण्याचं कारणही आहे. ‘निम्मं’ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला, तुमचा खरा असेल तो घाला.

उतारा मी असा केला असता :

> आपले बहुतेक सभासद द्राक्षवाले आहेत. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी मालासाठी. खर्च पहिल्या छाटणीपासूनच सुरू होतो, पैसा मात्र दुसरीनंतर चार-एक महिन्यांनी, माल निघाल्यावर येतो. मधल्या काळात औषधपाण्याला आणि मजुरीला सभासद सोसायटीकडे येतो. पावसाळ्यानंतर बाग कशी राहिली, यावर वसुली ठरते.

यात ‘एप्रिलची… ऑक्टोबरची…’ हा तोल मी मुद्दाम ठेवला आहे. ‘औषधपाणी’ ही आपली जोडी आहे. तीनाची यादी एकही आली नाही, पण ती टाळायची म्हणून नाही. सांगण्यासारख्या तीन गोष्टी त्या जागी नव्हत्या.

पुढच्या पानांसाठी एक कामाची युक्ती. फाइलमध्ये ‘नव्हे’, ‘नसून’, ‘एकीकडे’ हे शब्द शोधा आणि सापडेल तिथे ‘कुणाला?’ एवढं समासात लिहा. मग ज्या ‘आणि’च्या आधी स्वल्पविरामाने तोडलेले दोन शब्द आहेत, तिथे शेवटचा शब्द झाकून वाक्य मोठ्याने वाचा. पुतण्याला मजकूर परत देताना सोबत कर्जखात्याचं रजिस्टर द्या, आणि सचिवांपाशी अर्धा तास बसवा. कोणत्या महिन्यात कोण कशासाठी कर्ज उचलतो, हे त्याला तिथे मिळेल.