बाबांना आज कळतंय

प्रश्न: ताईच्या लग्नाच्या आदल्या रात्री संगीतात मला तीन मिनिटं बोलायचंय. लिहून काढलंय, पण शाळेतल्या निबंधासारखं वाटतं. त्यातलं एक वाक्य: ‘माझ्या ताईने बालपणापासून मला मायेची सावली दिली असून शालेय जीवनातील अनेक कठीण प्रसंगी ती माझ्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिली, उदाहरणार्थ माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांऐवजी तीच सही करून देत असे.’ हे बोलल्यासारखं कसं करू?

उत्तर: अरे, सोनं तू वाक्याच्या शेपटाला बांधून ठेवलंयस! ‘मायेची सावली’ आणि ‘खंबीरपणे’ कुठल्याही ताईला लागू पडतं. बाबांची सही करणारी ताई मात्र फक्त तुझी आहे. तेवढीच ठेव, बाकी सगळं खोड.

आता उरलेलं असं म्हणून बघ:

‘आठवीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही असायची. (थांब) ती करायची ताई. (थांब, बाबांकडे बघ) बाबांना आज कळतंय.’

‘असून’, ‘उदाहरणार्थ’, ‘देत असे’ गेले. कुणी चहा पिताना ‘देत असे’ म्हणत नाही, ‘द्यायची’ म्हणतो. पण माझ्या मते खरी गंमत दुसऱ्या वाक्यात आहे. ‘ती सही ताई करायची’ असं सरळ लिहिलं असतंस, तर ‘ताई’ हा शब्द मध्येच येऊन गेला असता आणि लोक हसायला लागेपर्यंत तुझं ‘करायची’ त्या हशात बुडालं असतं. मराठीत क्रियापद शेवटी बसतं आणि विनोदाचा शब्द त्याच्या आधी वाया जातो. बोलताना आपण ते आपोआप उलटवतो, ‘गेला कुठे हा?’ म्हणतो ना, तसं. लिहिताना मात्र विसरतो. म्हणून प्रत्येक विनोदाचं शेवटचं वाक्य तपास: ज्या शब्दावर हसू यायला हवं, तो शेवटी आहे का?

थांबणं कागदावर लिहूनच ठेव, नाहीतर स्टेजवर घाई होते. मी माझ्या बहिणीच्या वेळी पहिल्या रांगेतल्या मावश्या हसल्या की लगेच पुढचं वाक्य सुरू करत होतो. मागच्या टेबलांवरच्यांना विनोद कळून ते हसायला लागेपर्यंत मी दोन वाक्यं पुढे. त्यांनी ती ऐकलीच नाहीत. हसू वर चढतं, मग उतरायला लागतं. उतरायला लागलं की बोल, पूर्ण विरेपर्यंत थांबू नकोस. आणि कुणीच हसलं नाही, तर मनात ‘एक, दोन’ म्हण आणि साधेपणाने पुढे जा. ‘हा विनोद होता बरं का’ असं चुकूनही म्हणू नकोस.

सहीचा किस्सा ताईला आधी सांगून ठेव. समोर तिची सासू बसलेली असणार, उद्यापासून तिथे तिला राहायचंय. बाबांना मात्र सांगू नकोस, त्यांचा चेहराच अर्धा विनोद आहे.

दाजींसाठी आयता विषय कानपिळीचा. ‘दाजी, आज मनसोक्त हसून घ्या. उद्या सकाळी तुमचा कान (थांब) माझ्या हातात आहे.’ पुढे लगेच सही परत आण: ‘आणि कुठल्या कागदावर तुमची सही लागली, तर बँकेत धावपळ करू नका. घरात आहे सोय.’ पहिला किस्सा ऐकलेला असल्यामुळे इथे समजावायची गरज पडत नाही. दाजींच्या घरच्यांवर मात्र एकही विनोद नको, अगदी प्रेमाचाही.

हळवं एकच वाक्य ठेव, आणि ते वस्तूचं असू दे. ‘तुझ्याशिवाय घर सुनं होईल’ म्हणालास तर लोक मान डोलावतील आणि ताटाकडे बघतील. माझं वाक्य होतं: ‘आमच्याकडे रात्री दाराची कडी ताई लावते. परवापासून मी लावणार.’ एवढंच. पुढे स्पष्टीकरण दिलं नाही, लगेच विनोदही केला नाही. बाबा चष्मा पुसत होते, तेवढा वेळ मी गप्प उभा होतो.

तयारीसाठी कागद बाजूला ठेवून फोनमध्ये रेकॉर्ड कर. कागदाशिवाय जे वाक्य तोंडातून वेगळं निघेल, ते तसंच लिहून घे. तेच तुझं बोलणं. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोड. हशा आणि थांबे धरून तीन मिनिटांत बसवायचं, म्हणजे रेकॉर्डिंग दोन-सव्वादोन मिनिटांचंच हवं. स्टेजवर पूर्ण मजकूर नेऊ नकोस, तळहाताएवढ्या कार्डावर चार शब्द पुरे: सही, कान, बँक, कडी.

आणि डीजेवाल्याला आधीच सांगून ठेव, की कडीच्या वाक्यानंतर तू माइक खाली ठेवेपर्यंत गाणं लावायचं नाही. माझ्या वेळी त्याने ढोल लावला होता.