खोलीचा घुमारा आणि न मिटणारे ओठ

प्रश्न: «फोनवर आवाज रेकॉर्ड करून कार्टूनला लावतोय. आवाज बाथरूममध्ये बोलल्यासारखा येतो, नॉइज काढला की गुळण्या केल्यासारखा होतो. लिपसिंक रबर्ब सॉफ्टवेअरने केलं, तरी तोंड नुसतं उघडझाप करतंय, शब्द बोलतंय असं वाटत नाही. शिवाय चार मिनिटांच्या व्हिडिओत शेवटी ओठ मागे पडतात. काय चुकतंय?»

शेवटी ओठ मागे पडतात ते सोडलं, तर बाकीच्यातल्या बऱ्याचशाचं मूळ एकच आहे: खोलीचा घुमारा. तो कानाला खटकतो ते वेगळंच, पण त्याने लिपसिंकचंही वाटोळं होतं.

«पोपट» हा शब्द रेकॉर्ड करा आणि वेव्हफॉर्म मोठा करून बघा. «पो» संपल्यावर पुढच्या «प»साठी ओठ मिटतात, आणि साधारण एक दशांश सेकंद काहीच आवाज नसतो. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे रेघ जवळजवळ सपाट दिसते. घुमणाऱ्या खोलीत «पो»ची शेपटी त्या फटीत भरते आणि रेघ सपाट होतच नाही. आता सॉफ्टवेअरला कुठून कळावं की इथे ओठ मिटले होते? ते तोंड अर्धवट उघडं ठेवून पुढे जातं. बघणाऱ्याची नजर नेमकी ओठ मिटण्यावर असते. «आ»चं तोंड थोडं चुकलं तर कुणाला कळत नाही, पण मिटल्या ओठांशिवाय «प» ऐकू आला की सगळं खोटं वाटतं.

म्हणून आधी खोली. मी पहिल्यांदा रजई फोनच्या मागे टांगली होती. दिसायला स्टुडिओ, आवाज तसाच घुमलेला. कारण फोनचा माइक जवळपास सगळीकडून ऐकतो, आणि आपण बोलतो तो आवाज समोर जाऊन, भिंतींवर आपटून आपल्या पाठीमागूनही परत येतो. ती पाठीमागची भिंत उघडी राहिली तर माइकला तीच ऐकू येते. रजई एकच असेल तर स्वतःच्या पाठीमागे लावा. फोनच्या बाजूला कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असलं तर काम झालंच. रजई भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे टांगा. मधल्या हवेमुळे ती जरा खालचे स्वरही शोषते. नुसती चादर किंवा पातळ पडदा फक्त वरचे, तीक्ष्ण स्वर खातो. मग आवाज मऊ होतो, पण डब्यातून आल्यासारखा राहतो. डोक्यावरून पांघरूण घेऊन आत बोलण्याची युक्तीही त्याच कारणाने फसते, आणि दुसऱ्या पानापर्यंत जीव गुदमरतो तो वेगळाच.

फोन टेबलावर सपाट ठेवू नका. टेबलावरून उडालेला आवाज थेट आवाजात मिसळून तो पोकळ करतो. घडी घातलेल्या जाड टॉवेलवर किंवा उशीवर टेकवून उभा करा. बोलण्याचा माइक बहुतेक फोनमध्ये खाली, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. ते टोक तोंडाकडे हवं, अंतर एक वीत. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो. एवढा फायदा दुसरी रजई आणूनही होणार नाही. पण माइक अगदी तोंडासमोर नको, किंचित बाजूला ठेवा, म्हणजे «प», «भ»ची फुंकर त्यावर आदळणार नाही.

पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये आवाज सुधारण्याची, नॉइज दाबण्याची जी सोय असेल ती बंद करा आणि WAV मिळत असेल तर तेच घ्या. सर्वांत मोठ्या आवाजाचं वाक्य आधी म्हणून बघा. त्याचं टोक −6 डेसिबलच्या वर जायला नको. शेवटी दहा सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत नॉइज काढताना नमुना म्हणून तीच द्यायची आणि नॉइज 6 डेसिबलच्या आसपासच कमी करून थांबायचं. तुमच्या «गुळण्या» होतात त्या 20-25 डेसिबल उपसल्यामुळे. आणि घुमारा हा नॉइज नव्हे, तो तुमचाच आवाज आहे, त्यामुळे या सोयीने तो निघत नाही.

आता तोंडं. रबर्ब मुळात इंग्रजी शब्द ओळखायला बघतं. मराठीसाठी त्याला फक्त ध्वनी ओळखायला सांगायचं:

```
rhubarb -r phonetic -f tsv -o vakya.tsv vakya.wav
```

फाइलमध्ये सेकंद आणि तोंडाचं अक्षर मिळतं: A म्हणजे मिटलेले ओठ, D म्हणजे मोठा «आ», F म्हणजे चंबू, X म्हणजे गप्प. अ‍ॅनिमेशन सेकंदाला 24 फ्रेमचं असेल तर सेकंदांना 24 ने गुणलं की फ्रेम. हा कच्चा खर्डा समजा आणि ओठ मिटण्याच्या जागा हाताने तपासा.

«बाबा, माझा पतंग कुठे आहे?» हे माझं एक वाक्य घ्या. पहिला «बा» 12 व्या फ्रेमला फुटतो. «ब» ऐकू येतो तो ओठ उघडताना, म्हणून A त्याच्या आधी, 10 आणि 11 ला हवा आणि 12 ला D. दुसरा «बा» 18 ला, म्हणजे A 16-17 ला. रबर्बने इथे एकच फ्रेम A दिला होता. एका फ्रेमचा मिटलेला ओठ डोळ्याला धड दिसत नाही, मी तो दोनचा केला. «म»चं वेगळं: तो मिटल्या ओठांनीच वाजतो, म्हणून A आवाजाबरोबरच, 26 ते 28. «पतंग»चा «प» 37 ला फुटतो, A 35-36.

त्याच शब्दातला अनुस्वार मात्र फसवा आहे. नाकातला आवाज ऐकून सॉफ्टवेअर तिथेही A टाकतं, पण पुढे «ग» असताना ओठ उघडेच असतात. अनुस्वारानंतर प, फ, ब, भ, म यांपैकी काही आलं तरच ओठ मिटवा: «खांब»मध्ये हो, «पतंग»मध्ये नाही. «कुठे»मध्ये चंबू «क»पासूनच सुरू करा, कारण आपण «उ»ची तयारी आधीच करतो. बाकीच्या अक्षरांना मी हातही लावला नाही.

सगळी तोंडं एकदम सरकवायची झाली तर आवाजाच्या एक फ्रेम आधी सरकवा, मागे कधीच नको.

शेवटी ओठ मागे पडतात त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. सुरुवातीपासून सारखाच फरक असता तर क्लिप सरकवून भागलं असतं. वाढत जाणारा फरक म्हणजे फ्रेम रेट जुळत नाही. अ‍ॅनिमेशन 24 ला आणि एडिटिंगचा प्रोजेक्ट 23.976 ला असेल, तर चित्र हजारात एक भागाने हळू चालतं. चार मिनिटांत ते 0.24 सेकंद, म्हणजे जवळपास सहा फ्रेम मागे राहतं. दोन्हीकडचं सेटिंग उघडून बघा. फरक एवढाच येत असेल तर प्रोजेक्ट 24 वर करा, आवाजाला ताण देत बसू नका.