जर्मनीत वे-गेमधली खोली: आधी बघा तुमचा घरमालक कोण

प्रश्न: ऑक्टोबरपासून श्टुटगार्टला मास्टर्ससाठी जातोय. तिघांच्या फ्लॅटमध्ये फर्निचरसकट एक खोली मिळतेय. काल्टमीटे, म्हणजे खोलीचं नुसतं भाडं, ३९०, नेबेनकोस्टेन, म्हणजे हीटिंग वगैरे वरखर्च, ९०, एकूण ४८० युरो. डिपॉझिट १४४०. करार तिथेच राहणाऱ्या एका मुलाशी, एक वर्षाचा. डिपॉझिट बुडणार नाही ना? सहा महिन्यांनी इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तर? आणि बिलं कशी वाटून घेतात?

उत्तर:

करार त्या मुलाशी आहे, म्हणजे तुमचा घरमालक तो मुलगाच. फ्लॅट ज्याच्या नावावर आहे त्या खऱ्या मालकाशी तुमचं कायद्याने काहीच नातं नाही, तुम्ही पोटभाडेकरू. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं यावरच ठरतात, म्हणून आधी हे.

वे-गेमध्ये, म्हणजे अशा एकत्र भाड्याने राहण्याच्या फ्लॅटमध्ये, करार तीन तऱ्हेने होतात. कधी मालक प्रत्येक खोलीचा वेगळा करार करतो. कधी सगळे मिळून एकच करार करतात. त्यात एकाने भाडं थकवलं तर मालक ते पूर्ण कुणाही एकाकडून मागू शकतो आणि एकट्याला करार मोडता येत नाही. तिसरी तऱ्हा तुमची. ती वाईट नाही, मीही आठ वर्षांपूर्वी तशीच सुरुवात केली. पण त्या मुलाकडे पोटभाडेकरू ठेवायची मालकाची लेखी परवानगी हवी. नसेल तर मालक त्याचा करार मोडू शकतो, आणि त्याचा हक्क संपला की तुम्हालाही खोली सोडावी लागते. परवानगीचा फोटो मागा. मुलगा सरळ असेल तर पाच मिनिटांत पाठवेल. त्याच वेळी आनमेल्डुंगसाठी, म्हणजे सरकारी कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायला, लागणारा राहत्या जागेचा दाखला मिळेल ना, हेही विचारा. तो मूळ भाडेकरूही देऊ शकतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते, आणि ती झाल्याशिवाय टॅक्स नंबरपासून व्हिसाच्या कागदांपर्यंत सगळं अडतं. 'इथे आनमेल्डुंग होणार नाही' असं उत्तर आलं तर ती खोली सोडून द्या.

आता डिपॉझिट. जर्मन नागरी कायद्याचं कलम ५५१ सांगतं की ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असू शकतं, आणि त्या भाड्यात वेगळे दाखवलेले नेबेनकोस्टेन धरायचे नाहीत. म्हणजे तुमच्या बाबतीत ३९० गुणिले तीन, ११७० युरो. त्याने ४८० ला तीनने गुणलंय, २७० युरो जास्त. मुद्दाम केलं असेलच असं नाही, कित्येकांना हा फरक माहीत नसतो. पण एक बघा: करारात ३९० आणि ९० असे दोन आकडे वेगळे लिहिलेले हवेत. नुसतं '४८०, सगळं धरून' लिहिलं तर १४४० नियमात बसतात. जाहिरातीतली फोड करारात उतरलीय का, हे सही करण्याआधी तपासा.

त्याच कलमात दुसरी सोय आहे, ती आपल्या मुलांना फारशी माहीत नसते. डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. पहिला हप्ता करार सुरू होताना, पुढचे दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर. करारात 'एकरकमी आधी द्या' लिहिलं असलं तरी हा हक्क जात नाही. विद्यार्थ्यासाठी हे केवढं मोठं आहे ते हिशोब केला की कळतं. स्पेरकोंटोतून, म्हणजे व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या बंद खात्यातून, दर महिन्याला ठरलेली रक्कमच सुटते, सप्टेंबर २०२४ पासून ९९२ युरो. पहिल्या महिन्यात ४८० भाडं आणि ३९० चा हप्ता गेला की १२२ उरतात. एकरकमी ११७० दिले तर खिशात उणे पैसे! तेव्हा घरून थोडे वेगळे पैसे आणाच, पण हप्तेही मागा.

पैसे जातात कुठे, हा खरा धोक्याचा भाग. घरमालकाने डिपॉझिट स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात, व्याजी ठेवायचं असतं, व्याजही तुमचंच. वेगळं का? तर तो कर्जात बुडाला तरी त्याच्या घेणेकऱ्यांना या पैशाला हात लावता येऊ नये म्हणून. असं सुरक्षित खातं दाखवल्याशिवाय डिपॉझिट द्यायची सक्ती नाही, हे २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलंय. नियम पोटभाड्यालाही लागू आहे. पण पंचवीस वर्षांचा विद्यार्थी घरमालक असला की ते पैसे सरळ त्याच्या रोजच्या खात्यात जातात, आणि तिथून पिझ्झ्यात.

माझं असंच झालं. २०१९ मध्ये खोली सोडली तेव्हा माझे ९०० युरो त्याच्याकडे होते. 'नवीन मुलगी आली की तिच्याकडून घेऊन तुला देतो,' म्हणाला. नवीन मुलगी लवकर आलीच नाही, त्यात त्याची नोकरी सुटली. शेवटी दर महिन्याला दीडशे करत सहा महिन्यांत फेडले. माणूस लबाड नव्हता, पैसेच नव्हते त्याच्याकडे. डिपॉझिट बुडण्याची बरीच प्रकरणं मी अशीच पाहिली आहेत.

यावर उपाय म्हणजे बँकेत तुमच्या नावावर बचत खातं काढून ते डिपॉझिटपोटी त्याच्याकडे तारण ठेवायचं. पैसे तुमच्या नावावर राहतात, आणि तो तारण सोडेपर्यंत तुम्हाला काढता येत नाहीत. नुकत्याच आलेल्या माणसाला बँक खातं उघडायलाच वेळ लागतो, म्हणून पहिला हप्ता साधा ट्रान्सफर करा आणि ट्रान्सफरच्या ओळीत 'काउत्सिओन' म्हणजे डिपॉझिट, खोली आणि महिना लिहा. रोख देऊ नका, द्यावेच लागले तर पावती घ्या. आणि खोली कुणीतरी आपल्या माणसाने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. 'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल' हा साचा WG-Gesucht.de वर खोली शोधणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी भेटतो.

सोडताना परत मिळायला कायद्यात ठरलेली तारीख नाही. तीन ते सहा महिने लागणं नेहमीचं. शिवाय बिलांचा हिशोब बाकी असेल तर त्यापोटी थोडी रक्कम रोखून ठेवता येते. मित्र सल्ला देतील की शेवटचे तीन महिने भाडंच देऊ नकोस, डिपॉझिटमधून वळतं होईल. ते करू नका. दोन महिन्यांचं भाडं थकलं की तडकाफडकी बाहेर काढायचं कारण तुम्हीच दिलेलं असतं.

सहा महिन्यांनी सोडण्याचं. साधारण बेमुदत करारात भाडेकरूने तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचावी लागते. पण घरमालक स्वतः राहतो त्या फ्लॅटमधली फर्निचर दिलेली खोली हा अपवाद आहे. तिथे १५ तारखेपर्यंत नोटीस दिली की त्याच महिन्याअखेर करार संपतो. तुमची खोली यात बसते. हे दुधारी आहे बरं का: तोही तुम्हाला कारण न देता तसाच काढू शकतो.

मात्र तुमच्या करारात 'एक वर्ष' आहे. मुदतीचा करार असला की मध्ये नोटीस देऊन सुटता येत नाही, वरची १५ तारीखही कामाची नाही. इतर घरांना मुदत घालायला मालकाला लेखी कारण द्यावं लागतं, तुमच्यासारख्या खोलीला ती अट नाही. म्हणून सही करण्याआधीच त्याला सांगा: एकतर करार बेमुदत कर, किंवा मुदतीतही सहा आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येईल अशी ओळ घाल. इंटर्नशिपचं आत्ताच सांगून टाका, लपवण्यासारखं काही नाही. आणि नोटीस कागदावर, पेनाने सही करून द्यायची. व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवरची नोटीस चालत नाही, यात आपले लोक नेहमी फसतात.

बिलांचं थोडं सविस्तर सांगते. करारात ९० युरोंपुढे 'पाउशाले' लिहिलंय की 'फोराउसत्साहलुंग', ते बघा. पाउशाले म्हणजे ठोक रक्कम, वर्षाअखेरी हिशोब नाही. फोराउसत्साहलुंग म्हणजे आगाऊ. वर्ष संपल्यावर खरा खर्च काढून फरक मागतात किंवा परत देतात. हिशोबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत तो हातात पडला पाहिजे, उशीर झाला तर सहसा जास्तीचे पैसे मागता येत नाहीत.

तुम्ही ऑक्टोबरात येताय, त्यामुळे आगाऊ पद्धत असेल तर तुमच्या आधीच्या माणसाशी वर्ष वाटून घ्यावं लागेल. हीटिंग महिन्यांवर समान वाटत नाहीत. इथे हजार भागांचं एक कोष्टक वापरतात: जानेवारीला १७०, डिसेंबरला १६०, नोव्हेंबरला १२०, ऑक्टोबरला ८०, आणि जून ते ऑगस्ट तिन्ही मिळून फक्त ४०. समजा तुमच्या खोलीच्या वाट्याचं वर्षाचं हीटिंग ६०० युरो झालं. ऑक्टोबर ते डिसेंबर हे हजारातले ३६० भाग, म्हणजे २१६ युरो. महिन्यांनी वाटलं असतं तर १५० आले असते. जास्त वाटतं, पण हिवाळ्यात राहिलात तर गॅस तुम्हीच जाळलात. उलट, आधीच्या नऊ महिन्यांचा फरक तुमच्या माथी येत असेल तर तो नाकारा.

वीज सहसा ९० मध्ये नसते. कुणा एकाच्या नावावर मीटर असतो, बाकीचे त्याला दर महिन्याला देतात. किल्ली मिळाल्या दिवशी मीटरचा फोटो काढा, आकडा आणि मीटर नंबर दिसेल असा. त्याच फेरीत खोलीच्या भिंती, गादी, खिडकीच्या कडेची काळी बुरशी यांचेही काढा आणि त्याला पाठवून ठेवा, कारण बुरशीवरून डिपॉझिट कापणं फार चालतं. थंडीत खोलीत कपडे वाळत घालून खिडकी बंद ठेवलीत तर ती तुम्हीच वाढवाल. दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडकी सताड उघडा.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावं लागतं, पण पूर्ण फ्लॅटला एकदाच. तिघांत ६.१२ येतात. पत्र फेकू नका; आधीच भरणाऱ्याचा नंबर विचारून तो कळवा, नाहीतर तुमच्या नावावर वेगळी थकबाकी चढत जाईल.

तेव्हा त्या मुलाला आज एवढंच लिहा: मालकाची परवानगी दाखव, डिपॉझिट ११७० तीन हप्त्यांत, ९० युरो ठोक की आगाऊ ते लिही, आणि मध्ये सोडायची ओळ घाल. चारांपैकी डिपॉझिटच्या आकड्यावर घासाघीस झाली तर चालेल. परवानगीवर टाळाटाळ झाली तर दुसरी खोली बघा. आणि हो, श्टुटगार्ट आहे म्हणून सांगते, जिना झाडायची पाळी कुणाची आणि कधी तेही विचारून घ्या. त्याला केअरवोखे म्हणतात, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी ते भाड्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतात.